पीठ फुगणे, पहिले (थंड खोलीतील)

यीस्ट घातलेल्या पावाच्या कणकेचे मळल्यानंतरचे पहिले आंबवण. ते पूर्ण झाले की नाही, हे घड्याळावरून नव्हे, तर आकारमानावरून ठरवतात. तापमान सुमारे ८ ते १० अंश से.ने उतरले की यीस्टचा वेग साधारण निम्मा होतो. त्यामुळे २६ अंशांना दीड तासात दुप्पट होणारी कणीक १७ अंशांना तीन तास किंवा त्याहून जास्त वेळ घेते.

पसरट भांड्यात वाढ फसवी दिसते. म्हणून उभट, सरळ कडांच्या पारदर्शक बरणीत कणीक दाबून सपाट करतात आणि पातळीवर खूण करतात. कणीक ६ सें.मी. उंच असेल, तर ती १२ सें.मी.वर आल्यावर दुप्पट झाली. तेव्हा माथा घुमटाकार असतो आणि कडेला बुडबुडे दिसतात. पीठ लावलेले बोट खुपसल्यावर खळगा लगेच भरून आला, तर अजून थांबावे. तो हळूहळू, अर्धवट भरला, तर कणीक तयार आहे. गार कणीक घट्ट असल्याने ही चाचणी एकटी पुरेशी नाही. माथा खचला आणि आंबूस, मद्यासारखा वास आला, तर वेळ टळून गेली असे समजावे.