पैसे जमा झाल्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकताय? आधी हे झाका

समजा, चौसाळ्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुम्हाला पीकविमा जमा झाल्याचा बँकेचा मेसेज दाखवायचा आहे. इतरांना रक्कम आणि तारीख कळली की पुरे. बाकी सगळं झाका: नाव, शिल्लक, खाते क्रमांकाचे शेवटचे आकडेसुद्धा. त्या आकड्यांनी पैसे काढता येत नाहीत. पण तेच सांगून कुणी ‘बँकेतून बोलतोय’ म्हटलं, तर खरं वाटतं आणि ओटीपी दिला जातो. यूपीआयच्या स्क्रीनशॉटमध्ये समोरच्याचा चेहराही असू शकतो, तोही झाका.

हायलायटर मात्र वापरू नका. तो अर्धपारदर्शक असतो. ब्राइटनेस वाढवला की खालचे आकडे दिसू शकतात. कडेचा भाग क्रॉप करा, मधल्या भागावर गडद भरीव चौकोन ठेवा. पाठवण्यापूर्वी झूम करून बघा.