कात्रणात नसलेले नाव

गेल्या महिन्यात अलिबागकडच्या मामेभावाने एका जुन्या कात्रणाचा फोटो पाठवला. त्याला खानदानाचा इतिहास लिहून काढायचाय आणि त्यासाठी या बातमीचा चार ओळींचा सारांश हवा होता. खाली त्याने स्वतःच लिहिले होते: "रामदास बोट, १७ जुलै १९४७. सातशे बुडाले. यादीत नानीच्या भावाचे नाव आहे."

मी फोटो मोठा करून पाहिला. यातले एकही वाक्य कात्रणात जसेच्या तसे नव्हते.

मथळ्याच्या अक्षरांचे फक्त खालचे पाय उरले होते. देवनागरीत वरची बाजू कापली गेली की शिरोरेषा जाते, तिच्यावरची वेलांटी, मात्रा जाते. मग उरलेल्या पायांवरून कोणी काहीही वाचू शकतो. म्हणून मी मथळा जुळवायच्या भानगडीत पडलो नाही. मजकुराची पहिली ओळही अर्धी होती आणि बोटीचे नाव बहुधा तिथेच असावे. उरलेल्या भागात फक्त 'रेवसची बोट' असे होते. रामदास आपल्याकडे इतकी माहीत आहे, की बुडालेली बोट म्हटली की तेच नाव तोंडी येते. पण नोव्हेंबर १९२७ मध्ये 'जयंती' आणि 'तुकाराम' याही बोटी याच किनाऱ्यावर बुडाल्या होत्या.

भावाला म्हटले, "कात्रण उलटे कर आणि मागचाही फोटो पाठव." घरात कात्रण जपणारा माणूस मागची बाजू कधी बघत नाही, कारण तिथे त्याच्या कामाचे काही नसते. तारखेसाठी मात्र तीच खरी साक्षीदार. मागे सिनेमाची अर्धी जाहिरात निघाली: 'बोलपट' हा शब्द आणि तिकिटाचे दर आण्यांत. आपल्याकडे पहिला बोलपट 'आलम आरा' मार्च १९३१ मध्ये लागला, आणि १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले. म्हणजे कागद साधारण या पंचवीस-सव्वीस वर्षांतला. १९२७ तिथेच बाद झाले. शिवाय बातमी त्या काळीच छापलेली आहे, मागाहून कोणी आठवण म्हणून लिहिलेला लेख नाही, हेही कळले.

आता मजकुरातले तीन धागे. घटना 'काल गुरुवारी' घडली. बोटीत गटारीसाठी गावी निघालेले लोक होते. आणि रमजानचा चाँद दिसण्याआधी घर गाठू पाहणारे मुसलमान प्रवासीही होते.

हा तिसरा धागा माझ्या फार कामी आला. रमजान इंग्रजी वर्षात दरसाल दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि सुमारे तेहतीस वर्षांनी त्याच ऋतूत परत येतो. गटारी म्हणजे आषाढी अमावास्या. तिच्या लगेच मागे रमजानचा चाँद यायचा, तर १९३१ ते १९५७ या काळात हे फक्त १९४५, १९४६ आणि १९४७ मध्ये जुळते. जुन्या पंचांगात पाहिले, तर पहिल्या दोन वर्षी ती अमावास्या गुरुवारी येत नाही. १९४७ मध्ये १७ जुलैला गुरुवार आहे आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांतच रमजान लागला. पंधरा ऑगस्टचा तो शुक्रवार रमजानच्या शेवटच्या दिवसांत आला होता, हे आपल्या घरोघरी सांगतातच. त्यावरून उलटे मोजले तरी हिशेब बसतो.

म्हणजे भाऊ बोटीबद्दल बरोबर होता. तारखेत मात्र गफलत होती. १७ जुलै हा बोट बुडाल्याचा दिवस. 'काल' म्हणणारा अंक १८ जुलैचा, शुक्रवारचा.

आकड्याचे काय? कागदाच्या घडीने पहिला अंक खाल्ला आहे, पुढे दोन शून्ये दिसतात. रामदासमध्ये सहाशेहून अधिक माणसे गेली, हे आपल्याला आज माहीत आहे. पण दुसऱ्या दिवशीच्या बातमीदाराला ते कुठून माहीत असणार? प्रेते तर त्यानंतर कितीतरी दिवस किनाऱ्याला लागत होती. त्याने पाचशे छापले असेल, किंवा सातशे ही बोटीत चढलेल्यांची संख्या असेल. आजचा आकडा त्याच्या तोंडी घातला, की पहिल्या दिवशी मुंबईला किती कळले होते, ही कात्रणातली खरी माहितीच पुसली जाते.

सर्वात अवघड होती ती यादी. डावी कड कापलेली. एका ओळीत '…महंमद, रेवदंडा' एवढेच. नानीच्या भावाच्या नावातही महंमद होते. पण कोकणात महंमद नाव नसलेले घर दाखवा! भावाला हे सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दादा, नानी जन्मभर म्हणत होती."

मी सारांश असा लिहून दिला: "मथळा व तारीख नाही. रेवसची बोट गुरुवारी बुडाल्याची दुसऱ्या दिवशीची बातमी. गटारी व रमजानसाठी गावी निघालेले प्रवासी. संख्या घडीमुळे वाचता येत नाही. बेपत्तांच्या अपुऱ्या यादीत '…महंमद, रेवदंडा'. पहिले नाव कापलेले." त्याखाली एक ओळ मोकळी सोडून वेगळ्या शाईत: "मजकूर आणि मागची जाहिरात यांवरून अंदाज: रामदास, अंक १८ जुलै १९४७चा."

नानी काय म्हणायची ते भावाने पुढच्या पानावर लिहिले आहे, तिच्या नावाने.