मोठ्या घराचं वाढीव भाडं योग्य आहे का? बेजियन रिग्रेशन काय सांगतं?

समजा, तुम्ही भाड्याने घर शोधताय. एक फ्लॅट दुसऱ्यापेक्षा १०० चौरस फूट मोठा आहे आणि मालक त्यासाठी महिन्याला ५,००० रुपये जास्त मागतोय. म्हणजे प्रत्येक जादा चौरस फुटाला ५० रुपये. हा भाव बरोबर आहे का?

तुम्ही त्याच सोसायटीतल्या ८ फ्लॅटचं क्षेत्रफळ आणि भाडं लिहून काढलं. या ८ ठिपक्यांमधून सगळ्यात जवळून जाणारी सरळ रेषा काढणं म्हणजे लिनियर रिग्रेशन. रेषेचा चढ, म्हणजेच क्षेत्रफळाचा सहगुणक, समजा ५० आला. मालकाचं म्हणणं अगदी बरोबर दिसतंय!

पण घरं फक्त ८ आहेत. त्यामुळे या ५० ची स्टँडर्ड एरर २० आहे असं धरू. यावरून ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल येतो साधारण ११ ते ८९ रुपये. एवढ्या रुंद पट्ट्यावरून घासाघीस कशी करणार?

प्रायर म्हणजे काय?

तुम्हाला या ८ घरांपलीकडेही काही माहीत असतं. समजा, आजूबाजूच्या सोसायट्यांमध्ये जादा चौरस फुटाचा भाव साधारण ३० रुपये आहे आणि बहुतेक ठिकाणी तो १० ते ५० च्या दरम्यान आहे. डेटा बघण्याआधीचा हा अंदाज म्हणजे प्रायर. गणितात तो असा मांडतात: सरासरी ३०, स्टँडर्ड डेव्हिएशन १०.

आता दोन्हींची सांगड घालायची. ज्या माहितीत अनिश्चितता कमी, तिला वजन जास्त. हे वजन अनिश्चिततेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं. डेटासाठी २० चा वर्ग ४००, प्रायरसाठी १० चा वर्ग १००. म्हणून डेटाला १ भाग वजन आणि प्रायरला ४ भाग.

(५० × १ + ३० × ४) ÷ ५ = ३४

डेटा बघितल्यानंतरचा हा सुधारलेला अंदाज म्हणजे पोस्टिरियर. तो एकच आकडा नसतो, तर कोणता भाव किती शक्य आहे हे सांगणारं पूर्ण वितरण असतं. इथे त्याची सरासरी ३४ आणि स्टँडर्ड डेव्हिएशन साधारण ९ आहे. त्याचा मधला ९५ टक्के भाग म्हणजे क्रेडिबल इंटरव्हल: साधारण १६ ते ५२ रुपये.

दोन्ही इंटरव्हलमध्ये फरक काय?

क्रेडिबल इंटरव्हलबद्दल थेट म्हणता येतं की, हा प्रायर आणि हे मॉडेल मान्य असेल तर खरा सहगुणक १६ ते ५२ मध्ये असण्याची शक्यता ९५ टक्के आहे.

कॉन्फिडन्स इंटरव्हलबद्दल असं म्हणता येत नाही. तिथले ९५ टक्के पद्धतीबद्दल असतात: पुन्हा पुन्हा नवी ८ घरं निवडून दरवेळी पट्टा काढला, तर १०० पैकी सुमारे ९५ पट्ट्यांमध्ये खरा सहगुणक सापडेल. तुमच्या हातातला ११ ते ८९ हा पट्टा त्या ९५ पैकी आहे की उरलेल्या ५ पैकी, हे तो सांगत नाही.

पोस्टिरियर हातात असल्यामुळे मूळ प्रश्नही थेट विचारता येतो. भाव ५० किंवा त्याहून जास्त असण्याची शक्यता किती? साधारण ४ टक्के. म्हणजे घासाघीस करायला जागा आहे.

मग गडबड कुठे होते?

मालक म्हणेल, ‘आजूबाजूच्या सोसायट्यांशी तुलना कशाला? त्या जुन्या आहेत.’ त्याचं मान्य करून प्रायर सैल केला, म्हणजे सरासरी ३० च ठेवली पण स्टँडर्ड डेव्हिएशन ४० केलं, तर वजनं उलटतात: डेटाला ४, प्रायरला १. पोस्टिरियरची सरासरी ४६ होते आणि भाव ५० च्या वर असण्याची शक्यता ४ वरून थेट ४१ टक्क्यांवर जाते. घरं तीच, निष्कर्ष वेगळा.

म्हणून डेटा कमी असताना दोन-तीन वेगळे प्रायर लावून बघावेत. उत्तर फारसं हललं नाही, तर ते डेटाचं आहे. हललं, तर ते मुख्यतः तुमच्या गृहीतकाचं आहे, आणि कोणता प्रायर का निवडला हे सांगावंच लागेल.

यावर उपाय म्हणजे जास्त घरं. तशाच ८० घरांची माहिती मिळाली आणि चढ ५० च राहिला, तर स्टँडर्ड एरर सुमारे ६ वर येते. मग पहिला, घट्ट प्रायर लावला तरी पोस्टिरियर ४४ च्या आसपास जातं. डेटा वाढतो तसा प्रायरचा आवाज कमी होतो.

एक मर्यादा लक्षात ठेवा. सोपं जावं म्हणून इथे भाड्यांमधला चढउतार किती, हे आधीच माहीत आहे असं धरलंय. तोही ८ घरांवरूनच काढायचा झाला तर दोन्ही पट्टे आणखी रुंद होतील.