सायट्रिक अम्ल चक्र

ऑक्सिजन वापरणाऱ्या पेशींत अन्नातील कार्बनचे अखेरचे ऑक्सिडीकरण घडवून आणणारी आठ विक्रियांची चक्राकार मालिका. क्रेब्ज चक्र व ट्रायकार्बॉक्सिलिक अम्ल चक्र ही तिची अन्य नावे. प्राणी व वनस्पतींच्या पेशींत हे चक्र तंतुकणिकांमध्ये चालते, तर जीवाणूंत पेशीद्रव्यात. पिष्टमय पदार्थ, मेद व प्रथिने यांच्या विघटनातून आलेला दोन कार्बनी ॲसिटिल गट चक्रात येतो आणि त्याच्या मोबदल्यात कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू बाहेर पडतात. मुक्त होणारी ऊर्जा मुख्यतः एनएडीएच व एफएडीएच२ या क्षपित सहविकरांच्या रूपाने साठते. चक्रातील मधले पदार्थ ॲमिनो अम्ले, मेदाम्ले व हीम यांच्या निर्मितीसाठी कच्चा माल म्हणूनही बाहेर काढले जातात. प्रस्तुत नोंदीत या दुसऱ्या कार्याचा विचार अधिक विस्ताराने केला आहे.

इतिहास : हंगेरीत आल्बर्ट सेंट-जॉर्जी यांना 1930 नंतरच्या दशकात असे आढळले की, कबुतराच्या छातीच्या स्नायूच्या लगद्यात सक्सिनेट, फ्यूमरेट, मॅलेट किंवा ऑक्झॅलोॲसिटेट अगदी थोडे घातले तरी ऑक्सिजनचा वापर पुष्कळ वाढतो. घातलेला पदार्थ पूर्ण जळाला तरी एवढा ऑक्सिजन लागणार नाही, म्हणजे तो पुन्हा पुन्हा तयार होत असला पाहिजे. कार्ल मार्टियस व फ्रान्झ नूप यांनी 1937 मध्ये सायट्रेटपासून अल्फा-कीटोग्लुटारेट कसे बनते ते दाखविले. त्याच वर्षी शेफील्ड येथे हान्स क्रेब्ज व विल्यम जॉन्सन यांनी हे तुकडे जोडून चक्र मांडले. मॅलोनेट घालून त्यांनी सक्सिनेटपुढील वाट बंद केली. तरीही ऑक्झॅलोॲसिटेट पुरविल्यावर सक्सिनेट साचले. ते चक्राच्या दुसऱ्या बाजूने, म्हणजे सायट्रेटमार्गेच आले असले पाहिजे, हा त्यांचा निर्णायक पुरावा होता. त्यांचे टिपण नेचर या नियतकालिकाने स्वीकारले नाही. ते एन्झायमॉलॉजिया या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. क्रेब्ज यांना 1953 चे नोबेल पारितोषिक, को-एंझाइम ए शोधणारे फ्रिट्झ लिपमन यांच्याबरोबर, विभागून मिळाले.

मध्यंतरी सायट्रेटचे स्थानच शंकास्पद ठरले होते. चिन्हांकित कार्बन डायऑक्साइड वापरून 1940 नंतर केलेल्या प्रयोगांत चिन्ह अल्फा-कीटोग्लुटारेटच्या एकाच टोकाला सापडले. सायट्रेटचा रेणू सममित असल्याने चिन्ह दोन्ही टोकांना वाटले जायला हवे, असा तर्क करून सायट्रेट या मार्गावर नाहीच, असे अनेकांनी मानले. ॲलेग्झांडर ऑग्स्टन यांनी 1948 मध्ये दाखविले की, विकराच्या पृष्ठभागावर रेणू तीन जागी टेकत असेल तर त्याची दोन्ही टोके विकराला वेगळी ओळखता येतात. त्यामुळे सायट्रेटला त्याचे स्थान परत मिळाले. पहिल्या फेरीत बाहेर पडणारे दोन कार्बन हे त्याच फेरीत आत आलेले कार्बन नसतात, हे याच विचारातून स्पष्ट होते.

विक्रिया : (1) चार कार्बनी ऑक्झॅलोॲसिटेट व ॲसिटिल को-एंझाइम ए यांच्या संयोगाने सहा कार्बनी सायट्रेट बनते. (2) त्याचे आयसोसायट्रेटमध्ये रूपांतर होते. (3) आयसोसायट्रेटमधून कार्बन डायऑक्साइड निघून पाच कार्बनी अल्फा-कीटोग्लुटारेट मिळते. (4) त्यातून कार्बन डायऑक्साइडचा दुसरा रेणू निघून सक्सिनिल को-एंझाइम ए बनते. (5) त्याचे सक्सिनेट होताना जीटीपी किंवा एटीपीचा एक रेणू तयार होतो. (6) सक्सिनेटचे फ्यूमरेट होते. (7) फ्यूमरेटमध्ये पाणी मिळून मॅलेट बनते. (8) मॅलेटच्या ऑक्सिडीकरणाने ऑक्झॅलोॲसिटेट परत मिळते. तिसऱ्या, चौथ्या व आठव्या विक्रियेत एनएडीएच, तर सहाव्या विक्रियेत एफएडीएच२ बनते. एका फेरीतून जुन्या पुस्तकांप्रमाणे एटीपीचे 12 रेणू मिळतात; आता साधारणपणे 10 धरतात.

आठव्या विक्रियेचा समतोल मॅलेटच्या बाजूला फार झुकलेला आहे. त्यामुळे तंतुकणिकेत ऑक्झॅलोॲसिटेटचे प्रमाण नेहमीच अत्यल्प असते आणि पहिल्या विक्रियेने ते सतत उचलले म्हणूनच चक्र पुढे सरकते. ऑक्झॅलोॲसिटेटचा शिल्लक साठा नसतो, ही बाब पुढील सर्व विवेचनाच्या मुळाशी आहे.

कार्बनचा जमाखर्च : प्रत्येक फेरीत दोन कार्बन येतात व दोन जातात. म्हणून ॲसिटिल गट कितीही पुरविले तरी चक्रातील पदार्थांच्या एकूण रेणूंत एकाचीही भर पडत नाही. ॲसिटेटचा चिन्हांकित कार्बन मात्र ग्लुटामेट व ॲस्पार्टेट यांत सापडतो. तेवढ्यावरून ॲसिटेटपासून ही अम्ले निव्वळ तयार झाली असे ठरत नाही. कारण आत आलेल्या कार्बनच्या जागी दुसरा कार्बन बाहेर गेलेला असतो. चक्रातून एक रेणू काढला की तो अन्य मार्गाने भरून द्यावाच लागतो.

ॲमिनो अम्ले : यासाठी चक्रातील दोन पदार्थ प्रामुख्याने वापरले जातात. अल्फा-कीटोग्लुटारेटला ॲमिनो गट जोडला की ग्लुटामेट होते आणि त्यापासून ग्लुटामीन, प्रोलीन व आर्जिनीन बनतात. ऑक्झॅलोॲसिटेटपासून ॲस्पार्टेट व त्यापासून ॲस्पॅराजीन बनते. वनस्पती व जीवाणू ॲस्पार्टेटपासून लायसीन, थ्रिओनीन व मिथिओनीनही तयार करतात. प्राण्यांत त्यांसाठी लागणारी विकरे नसल्याने ही अम्ले अन्नातूनच मिळवावी लागतात.

ॲमिनो अम्ल व कीटो अम्ल यांच्यातील ॲमिनो गटाची अदलाबदल ब्राउनश्टाइन व क्रिट्समान यांनी मॉस्को येथे 1937 मध्येच वर्णिली होती. ती करणाऱ्या विकरांना ब६ जीवनसत्त्वापासून बनलेला सहविकर लागतो. ग्लुटामेट व ऑक्झॅलोॲसिटेट यांच्यात अदलाबदल करणारे विकर यकृताच्या तपासणी अहवालात एसजीओटी या नावाने वाचायला मिळते. पेशींना इजा झाली की ते रक्तात उतरते; म्हणून त्याची पातळी मोजतात. मुक्त अमोनिया थेट अल्फा-कीटोग्लुटारेटला जोडणारे ग्लुटामेट डीहायड्रोजनेज हे विकर सस्तन प्राण्यांत मुख्यतः कोणत्या दिशेने चालते, याविषयी एकमत नाही.

औद्योगिक उदाहरण म्हणून ग्लुटामेटचे किण्वन महत्त्वाचे आहे. जपानमध्ये किनोशिता व सहकाऱ्यांनी 1957 मध्ये कोरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम या जीवाणूने ग्लुटामेट बनविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. माध्यमात बायोटिन तोकडे ठेवले की चक्राच्या चौथ्या विक्रियेचे विकर मंदावते, अल्फा-कीटोग्लुटारेट ग्लुटामेटकडे वळते आणि पेशीपटलात झालेल्या बदलांमुळे ते बाहेर झिरपते.

मेदाम्ले : मेदाम्ले पेशीद्रव्यात बनतात, पण त्यांचा कच्चा माल असलेले ॲसिटिल को-एंझाइम ए तंतुकणिकेत तयार होते आणि तिचे आतले पटल ओलांडू शकत नाही. ही अडचण सायट्रेटमुळे सुटते. पेशीत ऊर्जा मुबलक असली की तिसऱ्या विक्रियेचे विकर मंदावते, सायट्रेट साचते व वाहक प्रथिनामार्फत पेशीद्रव्यात येते. तेथे एटीपी सायट्रेट लायेज हे विकर एटीपीचा एक रेणू खर्चून त्याचे ॲसिटिल को-एंझाइम ए व ऑक्झॅलोॲसिटेट असे दोन भाग करते. सायट्रेट पुढील टप्प्यातील ॲसिटिल को-एंझाइम ए कार्बॉक्सिलेज या विकरालाही उत्तेजित करते.

सोळा कार्बनी पामिटिक अम्लाच्या एका रेणूचा हिशेब असा : सायट्रेटचे आठ रेणू बाहेर आणून फोडण्यास एटीपीचे 8 रेणू लागतात. मिळालेल्या आठ ॲसिटिल गटांपैकी सातांना मॅलोनिलचे रूप देण्यास आणखी 7 रेणू लागतात. साखळी सात वेळा वाढते व प्रत्येक वेळी एनएडीपीएचचे दोन, म्हणजे एकूण 14 रेणू खर्च होतात. उरलेल्या आठ ऑक्झॅलोॲसिटेटचे मॅलेट व मॅलेटचे पायरुव्हेट झाले, तर त्यातून एनएडीपीएचचे 8 रेणू मिळतात. बाकीचे 6 पेंटोज फॉस्फेट मार्गातून येतात. पायरुव्हेट तंतुकणिकेत परतून पुन्हा ऑक्झॅलोॲसिटेट होताना एटीपीचे आणखी 8 रेणू खर्ची पडतात. अशा रीतीने एका पामिटिक अम्लामागे एटीपीचा खर्च 23 होतो. मॅलेट पायरुव्हेट न होता थेट तंतुकणिकेत परतले तर हे आकडे बदलतात. कोणत्या ऊतीत कोणता मार्ग किती चालतो याचे प्रमाण निरनिराळे आढळते.

ऑक्सिजन कमी असलेल्या काही कर्कपेशींत ग्लुटामीनपासून आलेल्या अल्फा-कीटोग्लुटारेटचे उलट दिशेने सायट्रेट होऊन मेदाम्लांना कार्बन पुरविला जातो, असे 2011 नंतरच्या संशोधनात मांडले गेले आहे.

कोकणातील कोकम व दक्षिणेकडील मलबार चिंच या एकाच प्रजातीतील फळांच्या सालीत हायड्रॉक्सिसायट्रिक अम्ल असते. ते एटीपी सायट्रेट लायेजला जखडून ठेवते, हे 1969 मध्ये सिद्ध झाले. त्यावरून मलबार चिंचेचा अर्क वजन घटविण्यासाठी विकला जाऊ लागला. तथापि 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 135 व्यक्तींवरील 12 आठवड्यांच्या चाचणीत हा अर्क घेणाऱ्यांचे वजन नकली गोळी घेणाऱ्यांपेक्षा लक्षणीयरीत्या अधिक घटले नाही. रोजच्या आहारात मेद असतोच, त्यामुळे माणसाच्या शरीरात नवी मेदाम्ले बनण्याचे प्रमाण एरवीही कमी असते, हे त्याचे एक संभाव्य कारण आहे.

भरपाई : चक्रातून काढलेले रेणू भरून देण्याची जबाबदारी प्राण्यांत मुख्यतः पायरुव्हेट कार्बॉक्सिलेजवर असते. मर्टन अटर व ब्रूस कीच यांनी 1960 मध्ये वर्णिलेले हे बायोटिनयुक्त विकर पायरुव्हेटला कार्बन डायऑक्साइड जोडून ऑक्झॅलोॲसिटेट बनवते. ॲसिटिल को-एंझाइम ए असल्याशिवाय ते जवळजवळ चालतच नाही. ऑक्झॅलोॲसिटेट कमी पडून ॲसिटिल गट साचू लागले की भरपाई आपोआप सुरू होते.

हे विकर जन्मतः नसलेल्या बालकांत भरपाईचे महत्त्व उघड दिसते. पायरुव्हेटला वाट न मिळाल्याने त्याचे लॅक्टिक अम्ल होते व जन्मानंतर लवकरच रक्ताची अम्लता वाढते. तीव्र प्रकारात ऑक्झॅलोॲसिटेट नसल्याने ॲस्पार्टेट घटते. यूरिया बनविण्यास ॲस्पार्टेट लागते. ते नसल्याने सिट्रुलीन पुढे सरकत नाही व अमोनिया साचतो. वाढलेले लॅक्टेट, घटलेले ॲस्पार्टेट, वाढलेले सिट्रुलीन व अमोनिया हे एकत्र आढळल्यास या विकाराचा संशय घेतात. निदान विकराच्या किंवा जनुकाच्या तपासणीने पक्के होते. ॲस्पार्टेट व सायट्रेट पुरविल्याने रक्तातील काही दोष सुधारतात, परंतु तीव्र प्रकारात बहुतेक बालके पहिल्या काही महिन्यांपलीकडे जगत नाहीत.

हीम : प्राण्यांत सक्सिनिल को-एंझाइम ए व ग्लायसीन यांपासून हीमची निर्मिती सुरू होते.

वनस्पती व जीवाणू : अंकुरणाऱ्या तेलबियांत व अनेक जीवाणूंत ग्लायऑक्झिलेट चक्र असते (कॉर्नबर्ग व क्रेब्ज, 1957). त्यात कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणाऱ्या दोन्ही विक्रिया टळतात. त्यामुळे दोन ॲसिटिल गटांपासून चार कार्बनी अम्लाचा एक रेणू निव्वळ मिळतो व बियांतील तेलापासून साखर बनू शकते. सस्तन प्राण्यांत या चक्राची विकरे नसल्याने सम कार्बनसंख्येच्या मेदाम्लांपासून त्यांना निव्वळ ग्लुकोज बनविता येत नाही.