मालसाठा मूल्यांकन : प्रथम आवक-प्रथम जावक आणि भारित सरासरी

वेगवेगळ्या दरांनी घेतलेल्या एकसारख्या मालापैकी विकलेल्या मालाची किंमत कोणती धरावी, हे ठरविण्याच्या या दोन पद्धती होत. भारतीय सनदी लेखापाल संस्थेच्या लेखामानक २ नुसार दोन्ही मान्य आहेत. शेवटी आलेला माल आधी गेला असे मानणारी पद्धत मात्र मान्य नाही.

समजा, अंधेरीतील एका विद्युत साहित्याच्या दुकानदाराने तारेची १०० वेटोळी ५०० रुपये दराने व नंतर आणखी १०० वेटोळी ६०० रुपये दराने घेतली. त्यानंतर वर्षअखेरपर्यंत १२० वेटोळी ७०० रुपयांप्रमाणे विकून ८४,००० रुपये आले. पहिल्या पद्धतीत जुनी १०० व नवी २० वेटोळी गेली असे मानतात; खर्च ६२,००० आणि नफा २२,००० रुपये. सरासरी दर ५५० रुपये असल्याने दुसऱ्या पद्धतीत खर्च ६६,००० व नफा १८,००० रुपये. गोदामातून प्रत्यक्षात कोणते वेटोळे गेले, याचा येथे संबंध नाही.

फरकाचे ४,००० रुपये शिल्लक साठ्यात दडलेले असतात : उरलेल्या ८० वेटोळ्यांचे मूल्य एकीकडे ४८,०००, तर दुसरीकडे ४४,००० रुपये. ती पुढील वर्षी त्याच भावाने विकल्यास नफा अनुक्रमे ८,००० व १२,००० रुपये होतो. दोन वर्षांची बेरीज दोन्हींकडे ३०,००० रुपयेच. मात्र भाव चढतच राहिले आणि साठा पुन्हा भरला जात राहिला, तर हा फरक मिटत नाही, पुढे सरकतो.

२२,००० रुपयांचा नफा काहीसा फसवाही आहे. विकलेली १२० वेटोळी नव्या दराने पुन्हा भरण्यास ७२,००० रुपये लागतात. म्हणजे हाती १२,००० रुपयेच उरतात.