एसटीच्या ड्रायव्हर-कंडक्टरची ड्युटी ठरते कशी? सहा फेऱ्यांचं हे गणित बघा

स्टँडवर गाडी फलाटाला लागलेली असते, माणसं जागा धरून बसलेली असतात आणि ड्रायव्हरचा पत्ता नसतो. मग कुणीतरी सांगतं, "ड्रायव्हर पुण्याच्या गाडीवर आहे, ती गाडी आली की ही सुटेल."

आता तुम्ही म्हणाल, एका गाडीचा ड्रायव्हर दुसऱ्या गाडीवर कशाला? तर गाडी आणि माणसं यांचं वेळापत्रक वेगवेगळं असतं. गाडी दिवसभर पळू शकते, माणसाच्या तासांना मर्यादा असते. म्हणून आधी फेऱ्या ठरतात आणि मग त्या फेऱ्या ड्रायव्हर-कंडक्टरच्या जोड्यांमध्ये वाटल्या जातात. प्रत्येक फेरीला बरोबर एक जोडी हवी, आणि पगाराचा एकूण खर्च कमीत कमी व्हायला हवा. गणितात या कोड्याला सेट पार्टिशनिंग म्हणतात. ते सुटतं कसं आणि अडतं कुठे, हे एका छोट्या उदाहरणातून बघू.

सहा फेऱ्या, एक डेपो

समजा डेपो वाईचा आहे. खालच्या वेळा फक्त उदाहरणासाठी घेतल्या आहेत, खऱ्या वेळापत्रकातल्या नाहीत.

- सकाळची सातारा: वाईहून 6.00 ला निघून 7.00 ला पोहोच, परतीची गाडी 7.30 ते 8.30
- पुणे: वाईहून 9.00 ला निघून 11.30 ला पोहोच, परतीची गाडी 12.30 ते 15.00
- संध्याकाळची सातारा: वाईहून 15.30 ला निघून 16.30 ला पोहोच, परतीची गाडी 17.00 ते 18.00

म्हणजे जाण्याच्या तीन आणि येण्याच्या तीन, एकूण सहा फेऱ्या. जोडी वाईतून निघते आणि शेवटी वाईतच परत येते, या एका वर्तुळाला आपण ड्युटी म्हणू. मुक्कामी गाडीची ड्युटी दोन दिवसांची असते, संध्याकाळी गावात जाऊन सकाळी परत. आपल्या उदाहरणात मुक्काम धरलेला नाही. जी जोडी जाईल तीच परत येईल, असंही धरू.

पगाराचा नियम सोपा ठेवू. ड्युटी कितीही लहान असली तरी 8 तासांचा पगार द्यायचा. हजेरी 8 तासांच्या वर गेली की वरचे तास दुप्पट मोजायचे. मधे बरेच तास घरी सोडलं तर ते तास हजेरीत धरायचे नाहीत, पण 1 तासाचा भत्ता द्यायचा. सहाही फेऱ्या एकाच जोडीला देता येणार नाहीत, कारण नुसतं स्टेअरिंगच 9 तासांचं होतं. मग उरतात या सहा ड्युट्या:

1. फक्त सकाळची सातारा: 8 तासांचा पगार
2. फक्त पुणे: 8
3. फक्त संध्याकाळची सातारा: 8
4. सकाळची सातारा आणि पुणे (9 तास हजेरी): 10
5. पुणे आणि संध्याकाळची सातारा (9 तास हजेरी): 10
6. सकाळची आणि संध्याकाळची सातारा, दुपारी घरी: 9

आता हेच गणितात

प्रत्येक ड्युटीला एक स्विच द्यायचा. ड्युटी वापरली तर 1, नाही वापरली तर 0. मग सगळं कोडं इतक्या ओळींत मावतं:

```
min 8x1 + 8x2 + 8x3 + 10x4 + 10x5 + 9x6

x1 + x4 + x6 = 1   (सकाळची सातारा)
x2 + x4 + x5 = 1   (पुणे)
x3 + x5 + x6 = 1   (संध्याकाळची सातारा)

x1 ... x6 = 0 किंवा 1
```

पहिली ओळ म्हणजे खर्च. पुढच्या प्रत्येक ओळीत त्या गाडीला नेऊ शकणाऱ्या सगळ्या ड्युट्या आहेत, आणि "= 1" चा अर्थ त्यातली बरोबर एकच निवडायची. शून्य आलं तर गाडी फलाटावर उभी राहील. दोन आलं तर एका गाडीत दोन ड्रायव्हर बसतील.

गंमत बघा, या ओळींमध्ये कायदा कुठेच दिसत नाही. विश्रांती, कामाचे तास, जेवणाची सुट्टी हे सगळं ड्युट्यांची यादी बनवतानाच तपासून झालेलं असतं. नियमात न बसणारी ड्युटी यादीत येतच नाही. म्हणून यादी चुकली तर पुढचं गणित कितीही अचूक असलं तरी उत्तर चुकतंच.

आता पर्याय मोजू. तीन वेगळ्या जोड्या लावल्या तर खर्च 24 तास. ड्युटी 4 आणि 3 घेतल्या तर 18. ड्युटी 5 आणि 1 घेतल्या तरी 18. ड्युटी 6 आणि 2 घेतल्या तर 17. म्हणजे कागदावर 17 जिंकलं.

अर्धा ड्रायव्हर कुठून आणायचा?

सहा ड्युट्या हाताने मोजता येतात. पण 20 फेऱ्या असल्या तर त्यांचे गट होतात 10 लाखांहून जास्त. 50 फेऱ्यांचे गट मोजायला 1 वर 15 शून्यं लागतात. त्यातले बहुतेक नियमात बसत नाहीत, तरी उरतात तेही प्रचंड. म्हणून सॉफ्टवेअर आधी "0 किंवा 1" ही अट ढिली करतं आणि अपूर्णांक चालवून घेतं.

आपल्या उदाहरणात तसं केलं की उत्तर येतं: ड्युटी 4 अर्धी, 5 अर्धी, 6 अर्धी. प्रत्येक गाडीला अर्धी अधिक अर्धी, म्हणजे एक जोडी मिळते. खर्च 10, 10 आणि 9 ची निम्मी बेरीज, म्हणजे 14.5 तास. अर्धा ड्रायव्हर डेपोत मिळत नाही, त्यामुळे हे उत्तर वापरता येत नाही. पण त्यातून एक पक्की गोष्ट कळते: 14.5 च्या खाली कुणीही जाऊ शकत नाही.

याच पायरीवर प्रत्येक गाडीला एक भाव मिळतो. इथे सकाळची सातारा 4.5, पुणे 5.5 आणि संध्याकाळची सातारा 4.5 तास. आता एखादी नवी ड्युटी सुचली तर ती नेणार असलेल्या गाड्यांच्या भावांची बेरीज करायची. बेरीज ड्युटीच्या खर्चापेक्षा जास्त असेल तर ती यादीत घ्यायची, नाहीतर सोडून द्यायची. त्यामुळे सगळ्या ड्युट्या आधी लिहून काढाव्याच लागत नाहीत, कामाच्या तेवढ्याच शोधता येतात. या पद्धतीला कॉलम जनरेशन म्हणतात.

अर्धे आकडे पूर्ण करायची एक पद्धत डेव्हिड रायन आणि ब्रायन फॉस्टर यांनी 1981 मध्ये मांडली. एकेक ड्युटी धरून बसण्यापेक्षा एकच प्रश्न विचारायचा: या दोन गाड्या एकाच जोडीकडे द्यायच्या की नाही? सकाळची सातारा आणि पुणे एकत्र म्हटलं तर उत्तर 18 येतं. वेगळ्या म्हटलं तर 17. दोन्ही वेळा आकडे पूर्ण येतात आणि कोडं संपतं.

मग 17 वालं उत्तर लावायचं का?

इथे खरी अडचण येते. ड्युटी 6 सकाळी 6 ला सुरू होते आणि संध्याकाळी 6 ला संपते, म्हणजे बरोबर 12 तासांचा पसारा. मोटार वाहतूक कामगारांसाठीच्या 1961 च्या कायद्यात दिवसाचा पसारा विश्रांती धरून 12 तासांपुरता ठेवला होता, काही अपवाद सोडून. 2020 च्या नव्या कामगार संहितेत तो कायदा सामावला गेला. आपल्या उदाहरणात हीच 12 तासांची मर्यादा घेऊ.

पण ड्रायव्हर थेट स्टेअरिंगवर बसत नाही. आधी हजेरी लावायची, गाडी तपासायची, कंडक्टरने तिकीट मशीन घ्यायचं. ड्युटी संपल्यावर हिशेब द्यायचा. दोन्ही बाजूंना 15 मिनिटं धरली तर ड्युटी 5.45 ला सुरू होऊन 18.15 ला संपते. पसारा साडेबारा तास झाला आणि ड्युटी 6 यादीतून बाद.

ड्युटी 4 आणि 5 ची हजेरीही आता साडेनऊ तासांची झाली, म्हणून दोन्हींचा खर्च 11. नवं उत्तर 19 तास, तेही दोन प्रकारे: 4 आणि 3, किंवा 5 आणि 1. म्हणजे 17 तासांची स्वस्ताई त्या न धरलेल्या अर्ध्या तासातून आली होती. सॉफ्टवेअरने नियमाला अगदी चिकटून बसलेली ड्युटी निवडली, तर त्या नियमात काय मोजायचं राहिलंय हे आधी बघावं, ते याचसाठी.

आता 19 च्या दोन पर्यायांतला कोणता घ्यायचा? मॉडेलला दोन्ही सारखे. पण ड्युटी 5 मध्ये पुण्याहून आलेल्या जोडीला अर्ध्या तासात सातारा गाडी काढायची आहे. पुण्याची गाडी ट्रॅफिकमध्ये अर्ध्या तासाहून जास्त अडकली की फलाटावर तेच दृश्य, गाडी आहे आणि ड्रायव्हर नाही. ड्युटी 4 मध्येही मधे अर्धाच तास आहे, पण तो एका तासाच्या सकाळच्या फेरीनंतर आहे. लांबच्या गाडीनंतर जास्त मोकळा वेळ हवा, हा नियम घातला तर ड्युटी 5 जाते आणि 4 आणि 3 उरतात.

"बरोबर एकदा" जमतच नसेल तर?

समजा आणखी एक नियम आला: चार तासांपेक्षा लहान ड्युटी द्यायची नाही. मग ड्युटी 1 आणि 3 गेल्या. 6 आधीच गेली होती. राहिल्या 2, 4 आणि 5. सकाळच्या गाडीसाठी 4 हवी, संध्याकाळच्या गाडीसाठी 5 हवी, आणि दोन्ही घेतल्या की पुण्याच्या गाडीत दोन जोड्या बसतात. "= 1" पाळणारं उत्तरच नाही, सॉफ्टवेअर तसं सांगून थांबतं.

म्हणून बससाठी बऱ्याचदा ही अट "किमान एक" अशी सैल करतात. त्याला सेट कव्हरिंग म्हणतात. इंग्लंडच्या लीड्स विद्यापीठातल्या बार्बरा स्मिथ आणि अँथनी रेन यांनी 1988 मध्ये बस क्रूसाठीची आपली पद्धत अशीच मांडली होती. इथे मग 4 आणि 5 दोन्ही घ्यायच्या, खर्च 22 तास. पुण्याच्या गाडीवर एक जोडी काम करते, दुसरी प्रवासी म्हणून बसते किंवा डेपोत थांबते. कुठल्या फेऱ्यांना दोन जोड्या लागल्या, हे बघून वेळापत्रकात नेमकं कुठे अडतंय तेही कळतं.

शेवटची गोष्ट. आपल्या 19 वाल्या उत्तरात एक जोडी साडेनऊ तास हजर असते आणि दुसरी फक्त तीन तास, तीही 8 तासांच्या पगारावर. मॉडेलने एकूण खर्च पाहिला, कुणाच्या वाट्याला काय आलं ते पाहिलं नाही. ती वाटणी पुढच्या टप्प्यात होते. त्यात या ड्युट्या आठवड्याभरात जोड्यांमध्ये फिरवल्या जातात, म्हणजे आज पुण्याला गेलेल्या जोडीला उद्या संध्याकाळची सातारा मिळू शकते.