टीडीएस रजिस्टर (पुरवठादार व कंत्राटदार देयके)

देयक देताना कापलेल्या आयकराची पार्टीवार आणि कलमवार नोंद ठेवणारी वही किंवा संगणकीय तक्ता. नागपूर जिल्ह्यातील कळमेश्वर एमआयडीसीच्या कारखान्यांत ती लेखा विभाग सांभाळतो. कपात करणाऱ्याचा टॅन क्रमांक तिथे 'एनजीपी' या अक्षरांनी सुरू होतो.

बिल खात्यात जमा धरणे किंवा पैसे देणे, यांतले जे आधी घडेल त्या तारखेला कपात होते. म्हणून अ‍ॅडव्हान्सचीही नोंद लागते. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर कर मूळ रकमेवरच कापतात.

आर्थिक वर्ष 2025-26 मध्ये कंत्राटी कामासाठी (कलम 194सी) व्यक्ती वा हिंदू अविभक्त कुटुंबाला 1 टक्का आणि इतरांना 2 टक्के दर होता. व्यावसायिक शुल्कावर (194जे) 10 टक्के, तांत्रिक सेवेवर 2 टक्के. 194जेची मर्यादा वर्षाला 50,000 रुपये. पॅन नसेल तर या देयकांवर 20 टक्के.

खरी कसोटी कंत्राटी कामाच्या दुहेरी मर्यादेत आहे: एक बिल 30,000 रुपयांवर गेले किंवा वर्षाची बेरीज 1,00,000 ओलांडली की कपात लागते. समजा, शेडची दुरुस्ती करणाऱ्या एकट्या कंत्राटदाराची बिले अशी आली: एप्रिल 28,000, जून 25,000, ऑगस्ट 29,000, सप्टेंबर 27,000. एकही बिल तीस हजारांवर नाही, पण सप्टेंबरमध्ये बेरीज 1,09,000 होते. मग कर शेवटच्या बिलापुरता 270 नव्हे, तर पूर्ण रकमेवर 1,090 रुपये कापावा लागतो. म्हणूनच प्रत्येक ओळीत पार्टीची 'आजवरची बेरीज' हा रकाना हवा. तो नसलेले रजिस्टर नुसती कापलेल्या रकमांची यादी ठरते, आणि राहिलेले 820 रुपये लेखापरीक्षणापर्यंत कुणाच्या लक्षात येत नाहीत. न कापलेल्या करावर दरमहा 1 टक्का, कापून न भरलेल्यावर दीड टक्का व्याज चढते. महिन्याचा काही भागही पूर्ण महिना धरतात.

मालवाहतूकदाराकडे वर्षात कधीही दहापेक्षा जास्त मालवाहू गाड्या नसतील आणि त्याने तसे घोषणापत्र पॅनसह दिले असेल, तर कपात शून्य. तरीही त्याची ओळ रजिस्टरमध्ये लागते, कारण तिमाही विवरणात ते देयक दाखवायचे असते.

महिनाअखेरीस कलमवार बेरीज काढतात. सप्टेंबरची कपात 7 ऑक्टोबरपर्यंत भरतात. मार्चसाठी मुदत 30 एप्रिल. चलनाचा क्रमांक, तारीख आणि बीएसआर कोड त्या महिन्याच्या ओळींपुढे चढवतात. बेरीज आणि चलन जुळले नाही, तर बहुधा एखादे बिल चुकीच्या कलमात गेलेले असते. पॅनचा एक अंक चुकला, तर भरलेला कर कंत्राटदाराच्या वार्षिक कर विवरणात दिसत नाही. तेव्हा तिमाही विवरणाचे दुरुस्ती विवरण भरावे लागते.

1 एप्रिल 2026 पासून लागू झालेल्या आयकर अधिनियम 2025 मध्ये पगाराखेरीजच्या कपाती कलम 393 खाली एकवटल्या आहेत. आधीच्या वर्षांच्या नोंदी मात्र जुन्याच कलमांनी राहतात.